घरच्या ओढणीतून कॉमिकचे मुखपृष्ठ

घरी तयार केलेल्या सुपरहिरोच्या वेषातला मुलांचा फोटो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने निघतो. मूल भिंतीपाशी सरळ उभे असते, हात कमरेवर असतात, ओढणीची किंवा टॉवेलची केप पाठीमागे लोंबत असते आणि फोटो काढणारे मोठे माणूस स्वतःच्या उंचीवरून खाली पाहत असते. कॉमिकच्या मुखपृष्ठावर यातले सगळे उलटे असते. तिथे नायक वरून खाली पाहतो, वाचक खालून वर. शरीर कुठेतरी निघालेले असते आणि केप त्या जाण्याची दिशा सांगत असते. फोटोचे मुखपृष्ठ करायचे म्हणजे फोटोला रंगीत ठिपक्यांचा फिल्टर लावायचा, असा समज सर्रास दिसतो. प्रत्यक्षात ठिपके सर्वांत शेवटी येतात. चित्र जमणार की नाही हे फोटो काढतानाच बरेचसे ठरून गेलेले असते.

केपचा हा उपयोग सुपरहिरोंच्या पहिल्या मुखपृष्ठापासूनचा आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांचा सुपरमॅन जून १९३८ ची तारीख असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर झळकला. हिरवी मोटार डोक्यावर उचलून ती आपटणारा, लाल केप मागे उडालेला माणूस असे ते चित्र. त्या काळातल्या कथांमध्ये सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. केप नायकाला उडवण्यासाठी आलेली नव्हती. आकृती हलते आहे हे स्थिर चित्रात दाखवायला ती उपयोगी पडते, असे चित्रकार शूस्टर यांनी पुढे सांगितले होते. मराठी वाचकांना ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून परिचित झालेल्या वेताळाला केप नाही. त्यामुळे त्याच्या चित्रांत वेग दाखवण्याचे काम धावता घोडा, झेप घेणारा लांडगा आणि वेताळाच्या शरीराचा बाक यांच्यावर येते. केप असली की हे काम एका कापडावर सोपवता येते. मात्र ते कापड शरीराच्या हालचालीशी जुळले पाहिजे, नाहीतर ते नुसते चिकटवलेले दिसते.

पुढची सगळी कृती एका उदाहरणावरून पाहता येईल. सात वर्षांची मुलगी. अंगात निळा टी-शर्ट, त्यावर चिकटवलेली पुठ्ठ्याची पिवळी वीज. डोळ्यांवर जुन्या काळ्या कापडाची, भोके पाडलेली पट्टी. पायात पावसाळ्यातले लाल गमबूट. खांद्यांवर आईची तांबडी बांधणीची ओढणी. नायिकेचे नाव तिने स्वतःच ठेवलेले, ‘झंझावात’. मुखपृष्ठावर ती खालून वर, उजव्या कोपऱ्याकडे झेपावताना दिसायला हवी आहे.

फोटोसाठी तिला उडी मारायला लावण्याची गरज नाही. उंचावरून तर नाहीच. उडीतल्या फोटोत चेहरा ताणलेला येतो, हातपाय अवघडतात आणि घरातल्या उजेडात मोबाइलचा फोटो हललेला निघतो. स्टुलावर पालथे झोपवून उडण्याचा आव आणण्याची पद्धतही फसवी आहे. स्टूल नंतर पुसता येते, पण पोटावर आलेला दाब, खाली ओघळलेला शर्ट आणि कपाळावरून लोंबणारे केस पुसता येत नाहीत. कपडे आणि केस जमिनीच्या दिशेने ओढले गेले असतील, तर पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण खोटेपणा जाणवतो. त्यापेक्षा मुलीने जमिनीवरच एका पायावर उभे राहावे, दुसरा पाय मागे न्यावा, छाती पुढे काढावी आणि एक मूठ पुढे फेकावी. हा उभा फोटो नंतर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीसपस्तीस अंश फिरवला की तीच मुलगी तिरकी वर निघालेली दिसते. ज्या पायावर तोल सांभाळला तो पायही टाच उचलून ताणलेला असावा. सपाट टेकलेले पाऊल फिरवल्यावरही जमीन शोधत राहते.

मागच्या पायाच्या टोकापासून पाठीतून मुठीपर्यंत एकच वळण जात असेल, तर ती मुद्रा जमली असे समजावे. याची परीक्षा सोपी आहे. फोटोतली आकृती पूर्ण काळ्या रंगाने भरायची आणि ती सावली पाहून मूल काय करते आहे हे ओळखू येते का ते बघायचे. मूठ छातीच्या समोर आली असेल तर ती सावलीत गडप होते. हात शरीरापासून सुटा दिसला, कोपर आणि कंबर यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली, तर सावलीही बोलते.

कॅमेरा मुलीच्या गुडघ्याच्या उंचीवर धरावा आणि जवळ आणावा. मोबाइलची नेहमीची लेन्स बऱ्यापैकी रुंद असते. जवळून फोटो काढला की कॅमेऱ्याजवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते. चेहरा कॅमेऱ्यापासून सव्वा मीटरवर आणि पुढे केलेली मूठ पाऊण मीटरवर असेल, तर मूठ चेहऱ्याच्या मानाने दीडपटीहून मोठी येते. अमेरिकन कॉमिकमधले जॅक किर्बी यांच्यासारखे चित्रकार हाच परिणाम पेन्सिलीने घडवत. वाचकाच्या अंगावर येणारी मूठ, मागे लहान होत गेलेले शरीर. इथे तो लेन्सकडून आयता मिळतो. फक्त मूठ चेहऱ्याच्या बाजूला राहील याची काळजी घ्यावी लागते. फार जवळ गेले तर नाक आणि हनुवटीही फुगतात. अर्ध्या मीटरवरून घेतलेल्या फोटोत मूल ओळखू येईनासे होते.

प्रकाशाचा विचार फोटो काढण्यापूर्वीच करावा लागतो, कारण फोटो फिरवला की प्रकाशही फिरतो. डोक्यावरून येणारा उजेड तीसपस्तीस अंश फिरवल्यावर वरच्या उजव्या बाजूने येतो आहे असे दिसते. मुखपृष्ठावर सूर्य किंवा विजेचा लोळ डाव्या कोपऱ्यात काढला, तर गालावरची सावली आणि आकाश यांचे भांडण होते. पाहणाऱ्याला ‘काहीतरी चिकटवले आहे’ असे वाटण्याचे हे बहुधा सर्वांत मोठे कारण. म्हणून आधी फोटो फिरवून बघावा, कोणत्या गालावर उजेड आहे ते पाहावे आणि मगच आकाशातला प्रकाश त्या बाजूला ठेवावा.

फोटो मूळ आकारातच संगणकावर घ्यावा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा पोहोचतो. आजच्या अमेरिकन कॉमिकचे पान साधारण ६.६२५ इंच रुंद आणि १०.२५ इंच उंच असते. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर सुमारे १९८८ बाय ३०७५ पिक्सेल लागतात. बारा मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत तेवढे आरामात मिळतात.

यापुढचे काम गिंप आणि क्रिता या दोन मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी करताना खोडरबर वापरू नये. खोडलेले परत येत नाही. `Paths` या साधनाने कडेकडेने रेघ काढून तिची निवड करावी आणि लेयर मास्क लावावा. मास्कमध्ये काळा रंग दिला की भाग लपतो, पांढरा दिला की परत दिसतो. भिंतीच्या रंगाची बारीक झाक केसांच्या आणि बाह्यांच्या कडेला राहते. साध्या फोटोत ती लपवायला बरीच खटपट करावी लागते, पण कॉमिकमध्ये बाहेरच्या कडेवर काळी रेघ येणारच असते. एकेक केस वेगळा कापण्याऐवजी केसांचे तीन-चार मोठे झुपके काढले की काम भागते.

आता ती काळी रेघ. सॉफ्टवेअरमध्ये फोटोतून आपोआप रेघा काढणारे फिल्टर असतात. मोठ्यांच्या चेहऱ्यावर ते खपून जातात. मुलांच्या चेहऱ्यावर मात्र ते हमखास घात करतात. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची हलकी सावली फिल्टरला रेघ वाटते आणि सात वर्षांच्या मुलीला सुरकुती येते. वरच्या ओठावरच्या सावलीची मिशी होते. म्हणून चेहऱ्यावरच्या रेघा नव्या लेयरवर हातानेच काढाव्यात आणि त्या मोजक्याच असाव्यात. पापणीची वरची कड, भुवया, नाकपुड्यांची खूण, ओठांची मधली रेघ, हनुवटीखालची सावली. गालावर काहीही नको. आकृतीच्या बाहेरच्या कडेची रेघ जाड आणि आतल्या घड्यांची बारीक ठेवली की शरीर आकाशापासून सुटून पुढे येते. वाचकाकडे येणाऱ्या मुठीभोवतीची रेघ सर्वांत जाड असावी.

रंगांच्या छटा कमी करणे ही पुढची पायरी. `Colors > Posterize` मध्ये प्रत्येक रंगाच्या पाचसहा पायऱ्या ठेवल्या की कपड्यांवर स्वच्छ सपाट रंग येतात. तीच मात्रा चेहऱ्याला दिली तर गालावर निळसर-तपकिरी डाग उमटतात आणि मूल पडून लागल्यासारखे दिसते. चेहऱ्याचा लेयर वेगळा करून, तो आधी किंचित धूसर करावा आणि छटांच्या पायऱ्या जास्त ठेवाव्यात. त्याहून चांगले म्हणजे त्वचेचा एक रंग आणि सावलीचा एक रंग फोटोतूनच उचलून हाताने भरावा. या टप्प्यावर मुलाचा रंग उजळ करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे. चित्र त्या मुलाचे आहे, दुसऱ्या कुणाचे नाही.

हाच विचार शरीराच्या मापांनाही लागू होतो. कॉमिकमधला प्रौढ नायक आपल्या डोक्याच्या आठ-साडेआठ पट उंच काढला जातो. सात वर्षांचे मूल सुमारे सहा पट असते. डोके लहान करून, खांदे रुंद करून आणि दंडाला पीळ देऊन ते माप गाठता येते, पण मग मुखपृष्ठावर एक बुटका मोठा माणूस उभा राहतो. पुठ्ठ्याची वीज काढून चकचकीत धातूचे चिन्ह बसवणे, गमबुटांच्या जागी चिलखती बूट काढणे हेही तसेच. घरच्या वेषाची ओबडधोबड कड, एका बाजूला झुकलेली वीज, किंचित मोठे झालेले बूट यांतच ते मूल आहे. खुद्द कॉमिकच्या जगातही सुपरमॅनचा वेष त्याच्या आईने, मार्था केंटने, त्याच्या बाळपणीच्या कापडातून शिवला, अशी कथा आहे. चित्रकाराने शरीराला गती द्यावी आणि वेष जसा आहे तसाच राहू द्यावा.

केपसाठी मात्र नवे कापड काढावे लागते, कारण लोंबणारी ओढणी फोटोत उडवता येत नाही. मुलाच्या गळ्याला गाठ मारलेली ओढणी अडकून ओढली गेली तर गळ्याला फास बसू शकतो. म्हणून तीही फोटोच्या वेळी दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिनांनीच लावलेली असावी. चित्रालाही त्याचा फायदा होतो, कारण कापड कुठून लटकले आहे हे दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. कापडाच्या घड्या नेहमी अशा अडकवलेल्या बिंदूंपासून निघतात. खांद्यापाशी त्या अरुंद आणि घट्ट असतात, टोकाकडे जाताना रुंद आणि सैल होतात. नवशिके अनेकदा केपभर समांतर रेघा ओढतात आणि कापडाचा पत्रा होतो.

दिशा ठरवण्याचा नियम एकच आहे. शरीर जिकडे जाते त्याच्या उलट बाजूला केप जाते. इथे मुलगी वर उजवीकडे निघाली आहे, म्हणून केप खाली डावीकडे पसरेल. पण ती शरीराच्या रेषेला अगदी समांतर ठेवली तर पाठीला चिकटलेली दिसते. तिने आधी थोडे वर फुगावे, मग मागे जावे आणि टोकाला पुन्हा वळावे. खालचा काठ लाटेसारखा काढला की काही ठिकाणी केपची बाहेरची बाजू दिसते आणि काही ठिकाणी आतली. आतली बाजू बरीच गडद, जांभळ्याकडे झुकणारी ठेवावी. या दोन रंगांच्या आलटून पालटून येण्यानेच वारा दिसतो. खरी ओढणी समजून घ्यायची असेल, तर ती खुर्चीच्या पाठीला दोन पिनांनी लावून, एक टोक हाताने ताणून तिचा वेगळा फोटो काढावा आणि तो समोर ठेवून चित्र काढावे. लांबी उभे असताना घोट्यापर्यंत पोहोचेल इतकीच. त्याहून लांब केप पान भरते, पण मूल झाकते.

तांबडा रंग मूळ फोटोतल्या ओढणीवरूनच उचलावा. आणि बांधणीचे ठिपके सोडू नयेत, कारण त्यामुळेच ती आईची ओढणी आहे हे कळते. ठिपक्यांच्या ओळी घड्यांच्या वळणाने वळल्या पाहिजेत आणि घडीच्या आत शिरताना जवळजवळ आल्या पाहिजेत. सपाट नक्षी वरून टाकली तर कापड काचेखाली ठेवल्यासारखे वाटते.

याच ठिकाणी कॉमिकच्या छपाईच्या ठिपक्यांशी गाठ पडते. जुन्या कॉमिकमध्ये हलका रंग दाखवायला गडद शाईचे बारीक ठिपके छापत. या पद्धतीला बेन डे ठिपके म्हणतात. १८७९ मध्ये बेंजामिन डे या अमेरिकन मुद्रकाने ती काढली. आज तोच आभास गिंपमध्ये `Filters > Distorts > Newsprint` ने आणता येतो. पण बांधणीच्या ठिपक्यांवर छपाईचे ठिपके टाकले आणि दोन्हींची अंतरे जवळपास सारखी निघाली, तर कापडावर नसलेले पट्टे आणि वर्तुळे तरंगू लागतात. शिवाय चेहऱ्यावर मोठे ठिपके आले तर डोळ्यातला चमकेचा बिंदू हरवतो आणि नजर मरते. म्हणून ठिपके आकाशात आणि इमारतींवर टाकावेत, टी-शर्टच्या सावलीत थोडे, केप आणि चेहऱ्यावर अजिबात नाहीत. ३०० पिक्सेलच्या हिशेबात दहा-बारा पिक्सेल अंतराचे, म्हणजे छापल्यावर साधारण एक मिलिमीटर अंतराचे ठिपके डोळ्यांना दिसतात आणि खुपतही नाहीत. त्यांच्या ओळी ४५ अंशांत तिरक्या ठेवाव्यात. आडव्या-उभ्या ओळी जाळीसारख्या लगेच डोळ्यात भरतात.

पार्श्वभूमीचा नियम कॅमेऱ्याने आधीच घालून दिलेला आहे. मुलगी खालून दिसते, तेव्हा इमारतीही खालूनच दिसल्या पाहिजेत. त्यांच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकाव्यात. गच्चीवरून काढलेला वस्तीचा फोटो मागे लावला तर तो कितीही सुंदर असला तरी बसत नाही. मुलीच्याच इमारतीचा, रस्त्यावर उभे राहून मान वर करून काढलेला फोटो सर्वांत चांगला, गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्यांसकट. इमारतीचे किंवा शाळेचे नाव दिसत असेल तर ते मात्र पुसून टाकावे. वेगाच्या रेघा पानाच्या खालच्या डाव्या भागातल्या एका बिंदूतून निघाल्यासारख्या काढाव्यात, म्हणजे नजर तिथून निघून मुठीवर पोहोचते. त्या मुलीच्या अंगावरून जाऊ देऊ नयेत.

उरते ते मुखपृष्ठाचे नाव. ते पानाच्या वरच्या पाचव्या हिश्शात मावते. देवनागरीत रोमन लिपीपेक्षा एक अडचण जास्त आहे. अक्षरांच्या वर अनुस्वार आणि मात्रा असतात, खाली उकार असतात, त्यामुळे तेवढ्याच उंचीत अक्षरे लहान करावी लागतात. ‘झंझावात’ला खाली काही नाही, वर फक्त एक अनुस्वार आहे, त्यामुळे हे नाव ठसठशीत बसते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले ‘मोदक’ किंवा ‘बालू’ हे मोफत मिळणारे फॉन्ट पुरेसे जाडजूड आहेत. अक्षरांना जाड काळी कड आणि आत पिवळा रंग दिला की छातीवरच्या विजेशी ते जुळते. नायकाचे डोके किंवा हात नावाच्या पुढे येऊन काही अक्षर झाकणे ही कॉमिकची जुनी रीत आहे, पण सुपरमॅनचे नाव अर्धे झाकले तरी वाचता येते. नव्या नायिकेचे येत नाही. मूठ ‘वा’च्या कोपऱ्यावर यायला हरकत नाही. शिरोरेघ आणि अनुस्वार मात्र मोकळे राहिले पाहिजेत.

वरच्या डाव्या कोपऱ्यात मार्व्हलच्या अंकांवर १९६३ पासून एक छोटी चौकट दिसू लागली. तीत नायकाचे लहान चित्र, अंकाचा क्रमांक आणि किंमत असे. ही चौकट सगळ्या कामाला एकदम खरेपणा देते. चित्र मुलीच्या मुखवट्याचे, क्रमांक तिच्या वयाचा, किंमत तिने ठरवलेली. प्रकाशकाच्या नावाच्या जागी खऱ्या कंपनीचे चिन्ह न घेता घरचेच नाव घालावे.

छापण्यापूर्वी पान पडद्यावर अंगठ्याएवढे लहान करून बघावे. तेवढ्यातही मूठ, चेहरा आणि केप वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. केप आणि मागची इमारत एकमेकांत मिसळत असतील, तर इमारतीचा रंग फिका करावा, केपचा गडद करू नये. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर हमखास मंदावतो आणि गडद सावल्या एक होतात. म्हणून आकाशाचा निळा थोडा उजळ ठेवून आधी एक साधी प्रत काढून पाहावी. ए-फोर कागदाच्या पूर्ण उंचीवर कॉमिकच्या प्रमाणात छापले, तर रुंदी १९२ मिलिमीटर भरते आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मिलिमीटर कापावे लागतात. घरचा प्रिंटर कागदाच्या काठापर्यंत छापत नाही, त्यामुळे चारही बाजूंना पांढरी पट्टी राहते. ती नको असेल तर डिजिटल छपाईच्या दुकानात मोठ्या कागदावर छापून घ्यावे. त्यासाठी चित्र सर्व बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त काढलेले असावे लागते आणि नावाची अक्षरे व चौकट कापण्याच्या रेघेपासून किमान पाच मिलिमीटर आत असावी लागतात. १७० जीएसएमचा आर्ट पेपर मुखपृष्ठाइतका जाड असतो आणि दुमडला तरी लगेच फाटत नाही. दुमडून आत चार कोरी पाने घालून मध्ये दोन स्टेपल मारायचे असतील, तर मागच्या पानाची रुंदीही आधीच धरून, पुढचे चित्र उजव्या अर्ध्या भागात ठेवावे.